एकाच नावाचे दोन पत्ते

भिलाईच्या खुर्सीपारमध्ये प्रेरणा गजभियेच्या घराचा पत्ता विचारला, तर लोक आधी उलट विचारतात, "ते कंप्युटरवाली काय?" आणि मग रस्ता सांगतात. कंप्युटरवाली म्हणजे आधार कार्डाची प्रिंट काढून देणारी, परीक्षेचे फॉर्म भरून देणारी, अशी बहुतेकांची समजूत. सुरुवातीला ती समजावून सांगायची, की मी वेबसाइट बनवते. समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "हो हो, तेच ते. एक फोटोकॉपी मारून दे ना." शेवटी तिनं एक प्रिंटर घेऊनच टाकला. भांडत बसण्यापेक्षा बरं.

तिचे वडील धम्मपाल गजभिये भंडाऱ्याकडून इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये आले ते मर्चंट मिल विभागात क्रेनवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आता त्यांची सकाळ विहारात आणि दुपार टीव्हीसमोर जाते. आई गिरजाबाई मात्र घरभर असते. नवरा सुगत चरोद्याच्या रेल्वे यार्डात; त्याची ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची, त्यामुळे लग्नानंतर दोघं आईवडिलांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. वरच्या दोन खोल्यांपैकी एकीत प्रेरणाचं टेबल, लॅपटॉप, तो प्रिंटर आणि भिंतीला बाबासाहेबांची तसबीर.

आधी ती रायपूरला एका कंपनीत नोकरी करत होती. रोज पॉवर हाऊसच्या स्टॉपवरून बस, मग कुम्हारीचं ट्रॅफिक, मग दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकणं. माझी साइट उघडत नाही, माझा मेल येत नाही, असं. त्या नोकरीत ती एक गोष्ट पक्की शिकली. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलानं एकदा एका गिऱ्हाइकाच्या डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे, नेमसर्व्हरच बदलून टाकले; त्या नावाची सगळी नोंदवहीच दुसरीकडे हलवली. साइट नव्या जागी छान उघडली, पण त्या व्यापाऱ्याचे सगळे मेल बंद पडले, कारण मेल कुठे पोचवायचे हे सांगणारं रेकॉर्ड जुन्या जागी राहिलं आणि नव्या जागी ते कुणी लिहिलंच नाही. तो व्यापारी ऑफिसात येऊन सोफ्यावर बसला आणि मेल सुरू होईपर्यंत उठला नाही. त्या दिवसापासून प्रेरणानं स्वतःला नियम घालून घेतला, की दुसऱ्याच्या डोमेनमध्ये जेवढं लागतं तेवढंच बदलायचं. जे आपलं नाही त्याला हात लावायचा नाही.

हा नियम तिला अनेक वर्षं पुरला. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावरही पुरला. शाळा, लग्नाचं लॉन, एक नट-बोल्टवाला, दोन कोचिंग क्लासेस, सगळ्यांच्या साइट तिनं याच पद्धतीनं उभ्या केल्या. मग जुनवानीच्या वैभवी हिशीकरांचं काम आलं.

वैभवी मॅडम फिजिओथेरपिस्ट. घरची माणसं मूळची दुर्गची, तीन पिढ्यांपासून तिथलीच. जुनवानीत त्यांचं 'उभारी' नावाचं क्लिनिक होतं. गुडघे, कंबर, लकवा मारलेले हातपाय, प्लांटमधून रिटायर झालेली अर्धी भिलाई तिथं व्यायामाला यायची. क्लिनिक सुरू केलं होतं दोघींनी मिळून, वैभवी आणि तिची कॉलेजातली मैत्रीण सोनल पाटणकर. पुढे दोघींचं जमेनासं झालं. एकीला क्लिनिक वाढवायचं होतं, दुसरीला घरोघरी जाऊन पेशंट बघायचे होते, असं काहीसं. सोनल रायपूरला एका मोठ्या हॉस्पिटलात लागली. क्लिनिक, नाव आणि डोमेन वैभवीकडे राहिलं. भांडण कुणी पाहिलं नाही, पण दोघी एकमेकींना फोन करायच्या बंद झाल्या, फक्त मेसेज करायच्या, आणि तेही कामापुरते.

वैभवीला नवीन साइट हवी होती. जुनी साइट डोमेन विकणाऱ्या कंपनीनंच दिलेली, तयार साच्यातली. तिच्या पहिल्याच पानावर दोघींचा हसरा फोटो, खाली दोघींची नावं, डिग्र्या, मोबाइल नंबर. प्रेरणानं नवी साइट बनवली आणि दुसऱ्या एका होस्टिंग कंपनीकडे साइट ठेवायला जागा घेतली, कारण तिथली मशीन जास्त चांगली होती आणि तिच्या ओळखीची होती. आता राहिलं एवढंच, की पहिल्या कंपनीकडे असलेल्या नावाला सांगायचं, बाबा रे, यापुढे लोकांना या नव्या मशीनकडे पाठव.

ते काम तिनं एका सकाळी केलं. डोमेनच्या कंपनीत वैभवी मॅडमच्या खात्यानं लॉगिन केलं, ओटीपी मॅडमनी फोनवर सांगितला. होस्टिंगवाल्यांनी पाठवलेल्या मेलमध्ये लिहिलं होतं, की आमचे नेमसर्व्हर टाका, सगळं आपोआप होईल. प्रेरणानं ते केलं नाही. क्लिनिकचे मेल तिसऱ्याच कंपनीकडे होते. नेमसर्व्हर हलवले असते तर डोमेनची सगळी रेकॉर्डं नव्या जागी पुन्हा लिहावी लागली असती. तिनं रेकॉर्डांचं पान उघडलं. वरती 'ए' नावाचं रेकॉर्ड होतं, त्यात जुन्या मशीनचा आकड्यांचा पत्ता. तो पुसून होस्टिंगचा पत्ता टाकला. 'www' चं रेकॉर्ड मुख्य नावाकडेच बोट दाखवत होतं, ते आपोआप मागे येणार होतं. मेलची रेकॉर्डं, पडताळणीची रेकॉर्डं, आणखी काही बारीकसारीक ओळी होत्या, त्यांना हात लावला नाही. सेव्ह केलं आणि चहा प्यायला खाली गेली. परत आली तर लॅपटॉपवर नवी साइट उघडली होती.

"झालं मॅडम," तिनं फोन केला. "कुणाकुणाला थोडा वेळ जुनी दिसेल. एखाद्या दिवसात सगळ्यांना नवी दिसेल."

वैभवी खूश झाली. तिनं क्लिनिकच्या वायफायवर साइट बघितली, स्क्रीनशॉट काढला आणि सोनलला पाठवला. त्याचं कारण होतं. सोनलच्या हॉस्पिटलानं तिला सांगितलं होतं, की बाहेरच्या क्लिनिकच्या साइटवर तुमचं नाव आणि फोटो आहे, ते आमच्या करारात बसत नाही, काढून घ्या. सोनलनं वैभवीला दोनदा मेसेज केला होता. आता वैभवीनं लिहिलं, "काढलं. बघून घे."

सोनलचं उत्तर संध्याकाळी आलं. त्यात शब्द नव्हते, नुसता स्क्रीनशॉट होता. त्यावर दोघींचा हसरा फोटो.

वैभवीनं प्रेरणाला विचारलं. प्रेरणा म्हणाली, जुनं साठवलेलं दिसत असेल, थोडं थांबा, त्यांना ब्राउझर साफ करायला सांगा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सोनलनं लिहिलं, की हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या बाईंनी त्यांच्या फोनवर बघितलं, तिथंही माझा फोटो आहे, तू मला काय समजतेस? वैभवीनं पुन्हा आपला स्क्रीनशॉट पाठवला. सोनलनं पुन्हा तिचा पाठवला. प्रेरणानं डोमेनचा बदल जगात कुठं कुठं पोचला हे दाखवणाऱ्या एका साइटवर जाऊन तपासलं. दिल्ली, सिंगापूर, लंडन, सगळीकडे हिरव्या खुणा, सगळीकडे नवा पत्ता. तोही स्क्रीनशॉट तिनं मॅडमना पाठवला. मॅडमनी तो सोनलला पाठवला, आणि खाली लिहिलं, "सगळ्या जगाला दिसून राहिलं, तुलाच तेवढं दिसत नाही. कमाल आहे."

एवढं झाल्यावर सोनलनं मेसेज नाही, फोन केला. फोनवर काय बोलणं झालं ते प्रेरणाला कळलं नाही, पण वैभवी मॅडमनी तिला नंतर सांगितलं, "ती येऊन राहिली उद्या. म्हणते समोरासमोर दाखव. प्रेरणा, तू पण ये. ती मला सरळ खोटारडी म्हणाली."

रात्री जेवताना प्रेरणा डाव्या हातानं पुन्हा पुन्हा ती साइट उघडून बघत होती. गिरजाबाईनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "कावून गं, काय झालं?"

"काही नाही माय. एक बाई म्हणते साइट बदलली, दुसरी म्हणते नाही बदलली. मले उद्या जाऊन ठरवा लागते कोण खोटं बोलून राहिली."

"तुले काय वाटते?"

"माझ्याकडे तर नवीच दिसते," प्रेरणा म्हणाली. तिला मनातून वाटत होतं, की सोनल मॅडमना ब्राउझर साफ करता येत नसेल आणि त्या ते कबूल करत नसतील.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती जुनवानीला पोचली. क्लिनिकमध्ये एक म्हातारे गृहस्थ कमरेला शेक घेत पडले होते. आतल्या छोट्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला वैभवी आणि दुसऱ्या बाजूला सोनल बसली होती. मधे चहाचे दोन कप, दोन्ही न प्यायलेले.

"ह्या प्रेरणा," वैभवी म्हणाली. "यांनीच साइट बदलली."

"मग यांनाच दाखवते," सोनल म्हणाली. तिनं आपला मोबाइल टेबलावर ठेवला. त्यावर जुनं पान होतं. फोटो, नावं, नंबर. "हे बघा. आत्ता उघडलं. माझा ब्राउझर साफ आहे. काल मी हॉस्पिटलातल्या तिघांच्या फोनवर उघडून बघितलं, तिन्हीवर हेच."

वैभवीनं आपला मोबाइल त्याच्या शेजारी ठेवला. त्यावर नवं पान. हिरवी पट्टी, तिचं एकटीचं नाव. "आणि हे माझं. मी काय फोटोशॉप करून राहिले का?"

दोन्ही फोन शेजारी शेजारी पडले होते. वरती पट्टीत दोन्हींवर एकच नाव, अक्षर अन् अक्षर सारखं. प्रेरणा खाली वाकून बघत राहिली. तिला एक फरक दिसला. सोनलच्या फोनवर नावाच्या शेजारी कुलपाची खूण होती. वैभवीच्या फोनवर ती नव्हती. तिथं साइट सुरक्षित नसल्याची सूचना होती. होस्टिंग कंपनी फुकटचं सर्टिफिकेट देते, ते मिळालं की सूचना जाते. ते अजून मिळालं नव्हतं. पॅनलवर ते रोज फेल होत होतं, आणि प्रेरणानं ते रोज "होईल" म्हणून सोडून दिलं होतं.

मग तिला दुसरा फरक दिसला. वैभवीचा फोन क्लिनिकच्या वायफायवर होता, सोनलचा मोबाइल डेटावर. "मॅडम, तुमच्या फोनचं वायफाय बंद करा जरा," ती वैभवीला म्हणाली.

"का?"

"बघू तर. मोबाइल डेटावर उघडा."

वैभवीनं वायफाय बंद केलं आणि पान पुन्हा उघडलं. गोल फिरला, थांबला, आणि तिच्या स्वतःच्या फोनवर दोघींचा हसरा फोटो आला.

बाहेर ते म्हातारे गृहस्थ शेकाच्या पिशवीबद्दल काहीतरी विचारत होते. वैभवीनं फोन उचलला, पान पुन्हा उघडलं. पुन्हा तेच.

"हे मी आज पहिल्यांदा बघते," ती सोनलला म्हणाली. "शप्पथ."

"तू दिवसभर इथंच असतेस," सोनल म्हणाली. "वायफायवर."

"घरी पण वायफायच आहे."

प्रेरणाच्याही घरी वायफाय होतं, गल्लीतल्या केबलवाल्याचं. दिवसभर घरात बसून काम. एकदाही तिनं डेटावर उघडून बघितलं नव्हतं. तीन-चार दिवस ती या बाईंना सांगत होती, की थांबा, पसरतंय, आणि पसरण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मले एक टेबल द्या," ती म्हणाली. घाईत तिच्या तोंडून घरची भाषा निघाली. "इथंच बसून पाहते."

तिनं लॅपटॉप उघडला. आधी होस्टिंगच्या पॅनलवर गेली आणि सर्टिफिकेट का मिळत नाही याची पूर्ण सूचना पहिल्यांदा नीट वाचली. सर्टिफिकेट देणारे आधी त्या नावाच्या पत्त्यावर जाऊन एक खूण बघतात. ते गेले होते, पण त्यांना खूण सापडली नव्हती. ते कुठल्या पत्त्यावर गेले, तोही तिथं लिहिला होता. प्रेरणानं टाकलेला पत्ता चार आकड्यांचा, मधे टिंबं. हा पत्ता वेगळाच होता. लांबलचक, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली, मधे दोन-दोन टिंबांच्या विसर्गासारख्या खुणा.

"अरे बापरे," ती म्हणाली.

"काय झालं?" दोघींनी एकदमच विचारलं.

"एक मिनिट. मॅडम, ओटीपी येईल तुम्हाला."

वैभवीनं ओटीपी सांगितला. डोमेनच्या कंपनीचं रेकॉर्डांचं पान उघडलं. वरती 'ए' चं रेकॉर्ड, तिनं बदललेलं. त्याखाली मेलची. आणि अगदी खालच्या बाजूला, त्या बारीकसारीक ओळींत, मुख्य नावाचंच आणखी एक रेकॉर्ड. प्रकारात एक नाही, चार 'ए' लिहिलेले. त्यात तोच लांबलचक पत्ता. डोमेनच्या कंपनीनं जुन्या साइटसाठी कधीतरी आपोआप घातलेला.

तिनं ते त्या दिवशीही बघितलं होतं. आपलं नाही म्हणून सोडलं होतं.

"काय आहे ते समजेल असं सांगा," सोनल म्हणाली. आवाज आता चढा नव्हता.

प्रेरणानं स्क्रीन दोघींकडे वळवली. "इंटरनेटवर पत्ते दोन तऱ्हेचे असतात. एक जुन्या तऱ्हेचा, हा आकड्यांचा. एक नव्या तऱ्हेचा, हा लांबवाला. एका नावाला दोन्ही लावता येतात. आपल्या इकडच्या पुष्कळ वायफायवर फक्त जुन्या तऱ्हेचाच चालतो, म्हणून तिथले लोक ह्या वरच्या पत्त्यावर जातात. तो मी बदलला, त्यांना नवी साइट दिसते. मोबाइल कंपन्यांच्या डेटावर नव्या तऱ्हेचा चालतो, आणि दोन्ही असले तर फोन सहसा नव्यालाच आधी धरतो. तो मी बदललाच नाही. तो अजून जुन्या मशीनकडेच पाठवून राहिला."

"आणि त्या हिरव्या खुणा? दिल्ली, लंडन?"

"तिथं मी फक्त 'ए' तपासला मॅडम. चार 'ए' वाला निवडून पाहिलाच नाही." ती थांबली. "चूक माझी आहे. तुम्ही दोघी खरंच बोलत होत्या. मीच सांगत राहिले की थांबा, आणि माझ्या भरवशावर तुम्ही त्यांना लिहीत राहिल्या."

वैभवीनं थंड झालेल्या चहाचा कप उचलला आणि पुन्हा ठेवला.

प्रेरणानं होस्टिंग कंपनीच्या मदतीच्या खिडकीत विचारलं, की या खात्याला नव्या तऱ्हेचा पत्ता मिळतो का? मिळत असता तर तो तिनं जुन्याच्या जागी टाकला असता. उत्तर आलं, या प्लॅनमध्ये मिळत नाही. मग एकच उरलं. तिनं ते रेकॉर्ड निवडलं, नक्की पुसायचं का असं पानानं विचारलं, आणि तिनं हो म्हटलं. मेलच्या ओळी पुन्हा एकदा बघून घेतल्या, त्या जागच्या जागी होत्या.

"झालं?" वैभवीनं विचारलं.

"झालं, पण लगेच नाही दिसणार. ह्या रेकॉर्डावर तासाभराची मुदत लिहिली आहे. ज्यांनी आत्ताच हा पत्ता विचारून घेतला, ते तेवढा वेळ तोच धरून बसतील. ह्या वेळी मी अंदाजानं नाही सांगत, तिथं लिहिलंच आहे."

सोनलनं घड्याळ बघितलं. रजा घेऊन आली होती. "मग मी बघूनच जाते," ती म्हणाली.

तो तास कसा काढायचा हा प्रश्न होता, पण बाहेर पेशंट होते. शेक घेऊन झालेले म्हातारे, श्यामराव त्यांचं नाव, उठून बसले आणि आत डोकावले. सोनल दिसल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "अरे, सोनल मॅडम! आल्या का परत? माझा खांदा तुमच्याच हातचा बरा झाला होता. आता कंबर धरून राहिली."

सोनलनं वैभवीकडे बघितलं. ते विचारणं होतं. वैभवी म्हणाली, "बघ ना. मी दोन आठवडे झाले करते आहे, उजवीकडे वळताना अडकतं त्यांना."

दोघी बाहेर गेल्या. प्रेरणा आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून होती, पण पडद्याच्या फटीतून तिला दिसत होतं. सोनलनं श्यामरावांना पोटावर झोपवलं, मणक्यावर अंगठा दाबत खाली आली, एका जागी थांबली आणि वैभवीला हात ठेवून बघायला सांगितलं. वैभवीनं बघितलं. दोघी हळू आवाजात बोलल्या, मधे एकदा वैभवी म्हणाली, "हं, हे माझ्या लक्षात नाही आलं," आणि सोनल म्हणाली, "तू रोज बघतेस ना, म्हणून." श्यामराव खालून म्हणाले, "माझ्याबद्दल बोलता का एकमेकींबद्दल?" त्यावर दोघीही हसल्या नाहीत, पण वातावरण थोडं सैल झालं.

तास उलटून गेल्यावर प्रेरणानं आधी सर्टिफिकेटसाठी पुन्हा मागणी टाकली. ह्या वेळी ते मिळालं. मग तिनं दोघींना आत बोलावलं. वायफाय बंद, डेटा चालू. सोनलनं आधी उघडलं. हिरवी पट्टी, वैभवीचं एकटीचं नाव, शेजारी कुलूप. तिनं पान खाली सरकवत नेलं, अगदी तळापर्यंत, कुठं आपलं नाव राहिलं नाही ना ते बघत. मग स्क्रीनशॉट काढला आणि हॉस्पिटलच्या ऑफिसला पाठवला.

वैभवीनंही आपल्या फोनवर उघडलं. "गेलं," ती म्हणाली. जे जावं म्हणून इतके दिवस भांडत होती, ते गेल्यावर तिला काय वाटलं कुणास ठाऊक, पण ती पानाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

"मी त्या दिवशी जे लिहिलं," ती म्हणाली, "सगळ्या जगाला दिसतं वगैरे. ते लिहायला नको होतं."

"मी पण फोनवर जास्त बोलले," सोनल म्हणाली. एवढंच. दोघींपैकी कुणीही आणखी पुढे गेलं नाही.

सोनल कारनं आली होती. रायपूरला जाताना खुर्सीपार वाटेतच, म्हणून तिनं प्रेरणाला सोडते म्हटलं. वाटेत सुपेला चौक आला, मग पॉवर हाऊस. तिथं ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर सोनल म्हणाली, "तुम्ही पहिल्याच दिवशी नीट बघितलं असतं तर हे झालं नसतं."

"हो," प्रेरणा म्हणाली.

थोड्या वेळानं सोनलनं विचारलं, "तो फोटो. क्लिनिक उघडलं त्या दिवशीचा आहे तो. माझा जुना फोन गेला, माझ्याकडे नाही. तो आता कायमचा गेला का?"

"नाही. मी साइट पुसली नाही, फक्त तिच्याकडे जाणारा रस्ता बंद केला. जुन्या कंपनीच्या खात्यात ती तशीच असेल, प्लॅन संपेपर्यंत. वैभवी मॅडमना उतरवून घेता येईल. मी सांगू त्यांना?"

समोरचा ट्रक हलला, सोनलनं गाडी थोडी पुढे घेतली. "सांगा," ती म्हणाली. "पण मी मागितला असं नका सांगू."

प्रेरणानं तिथंच गाडीत बसून वैभवी मॅडमना मेसेज केला, की जुन्या साइटवरचे फोटो हवे असतील तर प्लॅन संपायच्या आत उतरवून ठेवा. खुर्सीपारच्या गेटजवळ ती उतरेपर्यंत उत्तर आलं, "आजच उतरवते. एक सोनलला पण पाठवते." तिनं ते सोनलला दाखवलं नाही. फोटो पोचला की कळेलच, असं तिला वाटलं.

घरी आल्यावर गिरजाबाईनं विचारलं, "मंग? कोण खोटं बोलून राहिली होती?"

"कोणीच नाही माय. दोघीही खरं बोलत होत्या. मीच अर्धं काम करून बसली होती."

गिरजाबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मंग ते पुरं केलं ना?"

"केलं."

"मंग जेव."

'उभारी'च्या प्रकरणानंतर दोघी पुन्हा पहिल्यासारख्या मैत्रिणी झाल्या, असं काही झालं नाही. पण वैभवी मॅडमनी पुढे एकदा सांगितलं, की अवघड पेशंट असला तर त्या सोनलला फोन करतात, आणि तीही करते. वैभवीनं प्रेरणाचं काम बंद केलं नाही. उलट क्लिनिकच्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरला तिचा नंबर दिला, आणि देताना सांगितलंही म्हणे, की चुकली तर तोंडावर कबूल करते.

प्रेरणानं आपला जुना नियम सोडला नाही. दुसऱ्याच्या रेकॉर्डांना ती अजूनही हात लावत नाही. फक्त आता प्रत्येक ओळीपुढे थांबून ती विचारते, ही कुणाची आणि कुठे नेते. मुख्य नावाला कुठलाही जुना पत्ता चिकटलेला असला, तर तो आपलाच विषय, असं ती धरते. बदल करायच्या आदल्या दिवशी मुदत कमी करून ठेवते, म्हणजे थांबायला कमी लागतं. आणि 'पसरायला वेळ लागतो' हे वाक्य तिनं मुदत बघितल्याशिवाय म्हणायचं सोडून दिलं.

नवी साइट झाली की ती लॅपटॉपवर बघते आणि मग खाली स्वयंपाकघरात जाते. गिरजाबाईच्या फोनला वायफाय कधी जोडलेलंच नाही. तिला त्याचा पासवर्ड नको असतो. प्रेरणा त्या फोनवर नाव टाकते. आता गिरजाबाईला याची सवय झाली आहे. ती चष्मा लावते, हात पदराला पुसते आणि पान खालवर करून बघते. परवा दातांच्या डॉक्टरची साइट तिनं अशीच बघितली.

"दिसून राहिली का माय?"

"दिसते," गिरजाबाई म्हणाली. "पण हे एवढे मोठे दात कावून लावले? लेकरं भितीन ना."

प्रेरणानं वर जाऊन दात लहान केले.